बारा दिवसांचं भाडं

वरचा मजला भाड्याने द्यायचा असं मुफद्दलने वर्षभरापूर्वीच कबूल केलं होतं, आणि वर्षभरात चार भाडेकरू परत पाठवले होते. पहिल्याला पोरं फार होती. दुसरा सिगारेट ओढायचा. तिसऱ्याचं आडनाव त्याला पटलं नाही. चौथ्याच्या वेळी त्याने सरळ सांगितलं, "नळाला पाणी येत नाही," आणि नेमकं त्याच वेळी वरच्या नळातून धो धो पाणी पडताना सगळ्यांनी ऐकलं.

म्हणून मार्चच्या चौदा तारखेला लार्बी दलालाने दारावर थाप मारली, तेव्हा आत पाऊल टाकण्याआधीच त्याने हात जोडले. वयाचा मान म्हणून सगळे मुफद्दलला हाज म्हणत. "हाज, आज तू तोंड उघडायचं नाही. मी बोलतो. तू फक्त मान हलव, तीही वरखाली."

लार्बीच्या मागे दोघी होत्या. पस्तिशीची, सडपातळ, खांद्याला जाड पिशवी लावलेली विदाद, आणि तिची आई यामना, जी प्रत्येक पायरीवर थांबून गुडघ्यांना दोष देत होती. विदाद मोटारींच्या वायरी जोडायच्या कारखान्यात होती. लाराशला होती, तिथून तिला बढती देऊन तांजियरला पाठवलं होतं. अठरा तारखेला हजर व्हायचं होतं. तोवर दोघी चुलत बहिणीकडे, एका खोलीत पाच जणांत, दाटीवाटीने राहत होत्या.

घर तांजियरच्या द्रादेब वस्तीत, चढावर होतं. मुफद्दल एकतीस वर्षं सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर स्वयंपाकी होता. त्याच बोटीवरच्या कांद्या-माशांच्या पगारातून आधी खालचा मजला उभा राहिला, मग नऊ वर्षांनी वरचा. वरचा बांधून झाला आणि फामाने, म्हणजे त्याच्या बायकोने, दुसऱ्याच दिवशी भांडीकुंडी वर नेली. "खाली भिंती दिसतात," ती म्हणाली, "वर तुझी बोट दिसते." सव्वीस वर्षं ती वर राहिली. पुढे गुडघे गेले, तेव्हा दोघं खाली आले. खाली आल्यावर तिसऱ्या वर्षी फामाही गेली. तेव्हापासून वरचा मजला बंद होता. मुफद्दल दर शुक्रवारी वर जायचा, खिडक्या उघडायचा, तासभर बसायचा, खिडक्या लावून खाली यायचा.

लार्बी दोघींना खोल्या दाखवत होता तेव्हा मुफद्दल गॅलरीच्या दारात उभा राहिला. वाट अडवून म्हणा ना. विदादने जास्त काही विचारलं नाही. नळ सोडून पाहिला, दिव्यांची बटणं दाबून पाहिली, खिडकीच्या कड्या लावून पाहिल्या. यामना मात्र गॅलरीत जाऊन कठड्याजवळ वाकली.

"इथं तुळशीची कुंडी होती ना?" तिने विचारलं. कठड्यावरच्या फरशीवर गोल, फिकट डाग होता. त्यांच्याकडची तुळस म्हणजे हबक, पूजेची नव्हे. माशा येऊ नयेत म्हणून खिडकीत ठेवायची, आणि जाता-येता पानाला हात लावून हुंगायची.

"होती," मुफद्दल म्हणाला.

"बरीच वर्षं होती. एका वर्षात असा डाग पडत नाही."

मुफद्दलने मान हलवली. वरखाली. लार्बीच्या जिवात जीव आला.

भाडं ठरलं. महिना अठ्ठावीसशे दिरहम. अनामत एक महिन्याची, म्हणजे आणखी अठ्ठावीसशे. दलाली अर्ध्या महिन्याची, चौदाशे. विदादने सगळं निमूटपणे ऐकलं, पिशवीतून पेन काढलं, आणि म्हणाली, "सतरा तारखेला आम्ही येतो. म्हणजे या महिन्याचे पंधरा दिवस. पंधरा दिवसांचं भाडं किती होतं ते बघू. पुढच्या एक तारखेपासून पूर्ण."

आणि मुफद्दलने तोंड उघडलं.

"पूर्ण महिन्याचं."

"पण हाज, सोळा दिवस तर निघून गेलेले असतील."

"महिना म्हणजे महिना. मी अर्धा महिना देत नाही. घर काय कलिंगड आहे, कापून फोड द्यायला?"

लार्बीने कपाळावर हात मारला. "हाज, असं कुठे असतं? अर्धा महिना, अर्धं भाडं. चौदाशे. सगळं शहर असंच करतं."

"चौदाशे नाही," विदाद म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मार्च एकतीस दिवसांचा असतो. अठ्ठावीसशेला एकतीसने भागायचं. दिवसाला नव्वद दिरहम आणि वर थोडे. सतरापासून एकतीसपर्यंत, दोन्ही दिवस धरून, पंधरा. तेराशे पंचावन्न."

"पंचेचाळीस दिरहमसाठी!" लार्बी म्हणाला.

"पंचेचाळीस दिरहमात आम्ही दोघी दोन दिवस जेवतो, लार्बी. आणि दलाली? तीही दिवसांवर मोजायची का?"

"माझी दलाली कापली जात नाही, बाई. मी जिने काय अर्धे चढलो?"

यामना हसली. मुफद्दल हसला नाही. तो म्हणाला, "पूर्ण महिना. पटत असेल तर बघा."

विदादने कागदावर आकडे मांडले, बघितले, कागद दुमडला. "पूर्ण महिना धरला तर सात हजार होतात. माझ्याजवळ अठ्ठावन्नशे आहेत. पगार महिनाअखेरीस. खोटं कशाला बोलू?" तिने आईचा हात धरला. "देव तुमचं भलं करो, हाज. घर छान आहे. कुणीतरी मायेने राखलंय."

त्या जिना उतरून गेल्या. लार्बी मागे राहिला. जाताजाता म्हणाला, "तुला भाडेकरू नकोच आहे. तसं सांग म्हणजे माझे जोडे तरी वाचतील."

मुफद्दलने दार लावून घेतलं.

दुपारी त्याने डाळीचं पिठलं शिजवलं. पिठलं म्हणजे तिकडचा बिसारा: वाळलेला बाकला शिजवून घोटायचा, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरं. एकट्याचं जेवण करताना त्याचं माप नेहमीच चुकायचं. बोटीवर चारशे माणसांचा अंदाज यायचा, एका माणसाचा अजून आला नव्हता. पातेलं भरून झालं. वाढून घेताना त्याला कशावरून तरी मेदिनेतली, म्हणजे जुन्या शहरातली, ती खोली आठवली. कशावरून म्हणजे बिसारावरूनच.

सत्त्याहत्तर साल. नोव्हेंबरची बावीस तारीख. लग्नाला अकरा दिवस झालेले. जुन्या शहरात, भटारखान्याच्या वर एक खोली मिळाली होती. नव्वद दिरहम भाडं. घरमालकीण लाल्ला झोहरा, तोंडात कायम लवंग. महिन्याचे उरलेले दिवस नऊ, आणि तिने मागितले पुरते नव्वद. वर नव्वदची अनामत. मुफद्दलने निमूट दिले, कारण तेव्हा त्याला वाटायचं की पैशावरून बायकोसमोर वाद घालणारा पुरुष हलका दिसतो. मग महिनाभर दोघं बिसारावर राहिले. सकाळी बिसारा, रात्री बिसारा, शुक्रवारी बिसारावर एक अंडं. खालच्या भट्टीतून लोकांच्या पावांचा वास यायचा. खोलीची जमीन भट्टीमुळे इतकी उबदार असायची की फामा थंडीत अनवाणी फिरायची, आणि म्हणायची, "बघ, एकवीस दिवस आपण न राहता पैसे भरले, ते ही जमीन फेडतेय." हसत म्हणायची, पण विसरली कधीच नाही. चाळीस वर्षांत तिने ही गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की पाहुणे आले की मुफद्दल आधीच चहा आणायला उठायचा.

फोन वाजला. लुब्ना, त्याची मुलगी. मालागाला असते, समुद्राच्या पलीकडे, एका दवाखान्यात कामाला.

"लार्बीने मला फोन केला होता," ती म्हणाली. नमस्कार चमत्कार नाहीतच. "बाबा, तुम्ही अर्ध्या महिन्याला पूर्ण भाडं मागितलंत?"

"घर माझं आहे."

"घर तुमचंच आहे. पण आई काय म्हणायची? लाल्ला झोहराने एकवीस दिवसांचे पैसे..."

"माहीत आहे मला!"

"मग?"

पातेल्यावर साय धरत होती.

"बाबा," लुब्नाचा आवाज उतरला. "तुम्हाला पैसे नकोत. तुम्हाला ती बाई जायला हवी होती. तसं असेल तर नका देऊ घर. मी पुन्हा विषय काढणार नाही. पण आईच्या घरातून लाल्ला झोहरासारखं बोलू नका."

शब्द वर्मी लागला. त्याने फोन ठेवला, पिठल्यात पाव बुडवला, आणि तसाच ताटात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टोपी घालून उतारावरच्या कॉफीच्या दुकानात गेला. लार्बीचं कार्यालय म्हणजे तिथलं खिडकीजवळचं टेबल. मुफद्दल समोर बसला आणि इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाला, "तिला फोन लाव. तेराशे पंचावन्न."

लार्बीने त्याच्याकडे बघितलं. थट्टा करायला तोंड उघडलं होतं, पण त्याचा चेहरा बघून मिटलं. "एकतीसने भागून?"

"मार्चला एकतीसच दिवस असतात ना? मग तीसने कशाला भागायचं?"

सोळा तारखेला सकाळी विदाद आली ती चार कोरे कागद घेऊन. यामना मागोमाग, श्वास टाकत. कराराचा मजकूर लार्बीने लिहून आणला होता. सह्या झाल्या की नगरपालिकेच्या कचेरीत शिक्के मारून घ्यायचे. मुफद्दलने कराराची पानं चाळली आणि म्हणाला, "मग हे कागद कसले?"

"घराची अवस्था लिहायची," विदाद म्हणाली. "कुठे काय तुटलंय, कुठे डाग आहे, कुठे चीर आहे. दोघांनी सही करायची. एक प्रत तुमच्याकडे, एक माझ्याकडे. मी घर सोडीन त्या दिवशी हाच कागद घेऊन पुन्हा बघायचं."

"म्हणजे माझ्या घराच्या उणिवा काढायच्या?" मुफद्दलचे कान लाल झाले. "माझ्याच छपराखाली उभं राहून?"

"हाज, लाराशला माझी अनामत गेली. न्हाणीघरात फरशीला तडा होता. आम्ही राहायला गेलो त्याच्या आधीचा. लिहिलेलं नव्हतं. घरमालक म्हणाला, तुम्हीच पाडलात. दोन हजार दिरहम." तिने हातातले कागद सारखे केले. "अनामत म्हणजे तुमचे पैसे नव्हेत. माझे पैसे, तुमच्या हातात. ते कशासाठी धरलेत हे लिहिलेलं असावं, एवढंच. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही."

"विश्वास नाही असंच आहे," यामना मध्येच म्हणाली. "पण वाईट वाटून घेऊ नका. माझी मुलगी माझ्याकडूनही पावती घेते."

लार्बी फिसकन हसला. मुफद्दलला राग धरून ठेवता आला नाही. "लिही," तो म्हणाला. "लिही काय लिहायचं ते."

स्वयंपाकघरापासून सुरुवात झाली. विदाद ओट्याजवळ वाकली. "ओट्याची कड फुटलेली. डाव्या बाजूला, बोटभर."

"ते मी," मुफद्दल म्हणाला. "बोटीवरून एक अख्खा ट्यूना आणला होता. खांद्यावरून. सुरा उगारला तो मासा सोडून कडेवर. फामा तीन दिवस बोलली नाही. मासा मात्र सगळ्या गल्लीला वाटला."

विदादने लिहिलं: ओट्याची कड, जुनी. "खिडकीच्या चौकटीला काळा डाग."

"प्रायमसचा. त्या वेळी गॅस संपला होता आणि गावात मिळत नव्हता. ईदची आदली दुपार होती. लुब्नाने चिंध्यांनी विझवला. आठ वर्षांची होती."

"चौकटीला जळल्याचा डाग, जुना," विदाद लिहीत होती.

दिवाणखान्यात कोपऱ्यातली फरशी बदललेली होती, बाकीच्यांपेक्षा हिरवट. तिथे बाळाचा पाळणा होता, तो ओढताना फुटली. बदली फरशी तेतुआनहून आणली, पण रंग जुळला नाही. भिंतीत खिळ्यांची सात भोकं. त्यांपैकी चार एकाच तसबिरीची, कारण फामाला ती कधीच सरळ दिसली नाही. "तू वाकडी उभी राहतेस म्हणून तुला वाकडी दिसते, असं मी म्हणायचो," मुफद्दल म्हणाला. "खरं तर भिंतच वाकडी आहे. लिहून घे. भिंत वाकडी."

"भिंत वाकडी," विदादने लिहिलं, आणि पहिल्यांदाच हसली.

मुफद्दलच आता पुढे पुढे चालू लागला. विदादला जे दिसलं नव्हतं तेही तो दाखवू लागला. न्हाणीघराच्या दाराची कडी पाऊस पडला की अडते, उचलून ओढायची. मागच्या खोलीतलं दुसरं बटण दाबलं की दिवा लागत नाही, पण खालच्या जिन्यातला लागतो. ते गवंड्याच्या भावाचं काम. लार्बी खुर्ची ओढून बसला. असली यादी त्याने तीस वर्षांत पाहिली नव्हती; घरमालक उणिवा लपवतात, हा दाखवत सुटला होता.

झोपायच्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. एकाखाली एक, प्रत्येकीजवळ तारीख. लुब्नाची उंची. सगळ्यात वरची रेघ मुफद्दलच्या हनुवटीपर्यंत येत होती, आणि तिच्यावर फामाच्या वाकड्या अक्षरात, जे ती साक्षरतेच्या वर्गात पन्नाशीत शिकली होती, लिहिलं होतं: बस झालं.

विदाद पेन धरून थांबली. "हे... रंग लावून झाकायचं असेल तर आत्ताच सांगा. नंतर..."

"नाही!" मुफद्दल जवळजवळ ओरडला. मग सावकाश म्हणाला, "नाही. तू कशाला झाकशील. लिही की आहे. आणि राहावं."

विदादने लिहिलं. ते लिहिताना तिला वेळ लागला.

मग ती खोलीत गेली, आणि भिंतीतल्या मोठ्या कपाटापाशी थांबली. कुलूप होतं.

"यात काय आहे?"

मुफद्दलने कुलपावर हात ठेवला. यामनाने त्याच्याकडे पाहिलं आणि पलंगाच्या कडेला बसली.

"तिचं आहे," तो म्हणाला. "फामाचं."

खालून भंगारवाल्याची आरोळी येत होती. मग विदाद म्हणाली, "राहू द्या ना, हाज. मी लिहिते, कपाट बंद, आतलं सामान घरमालकाचं. आम्हाला दोघींना कितीसे कपडे? एक पेटी पुरते."

ती पुढे आणखी काही म्हणणार होती, पण मुफद्दलने हात वर केला.

"नाही. तू पूर्ण घराचं भाडं देणार. मग घर पूर्ण हवं. बंद कपाटाचं भाडं मी घेतलं तर लाल्ला झोहराच झालो की मी." विदादला हे नाव कळलं नाही, पण तिने विचारलं नाही. "मला तीन दिवस दे. रिकामं करतो."

लार्बी खुर्चीतून उठला. "हाज, करार सतराचा आहे! ती उद्या सामान आणतेय!"

"मग करार वीसचा कर."

विदादने आईकडे पाहिलं. चुलत बहिणीकडे आणखी तीन रात्री. यामनाने खांदे उडवले: पाच जणांत तीन रात्री, म्हटलं तर काय. विदाद म्हणाली, "चालेल. आणि भाडं?"

"किल्ली हातात पडेल त्या दिवसापासून. वीस ते एकतीस. किती होतात? तू शिकलेली आहेस."

"बारा दिवस. नव्वद दिरहम आणि वर बत्तीस सेंटिम, गुणिले बारा..." तिने कागदाच्या कडेला गुणाकार केला. "एक हजार चौऱ्याऐंशी."

"एक हजार चौऱ्याऐंशी," मुफद्दलने लार्बीला सांगितलं. "लिही."

"आणि अनामत?" लार्बीने सुस्कारा टाकला. "तीही बारा दिवसांची?"

"अनामत पूर्ण," विदादच म्हणाली. "अनामत दिवसांवर नसते. घर आहे तेवढंच आहे. बारा दिवस राहा नाहीतर बारा वर्षं, फुटायचं ते सारखंच फुटतं."

मुफद्दलने तिच्याकडे असं बघितलं की जणू बोटीवरच्या नव्या पोऱ्याने पहिल्याच दिवशी कांदा नीट चिरला.

अठरा तारखेला सकाळच्या बोटीने लुब्ना आली. बोलावलं नव्हतं, फक्त "कपाट उघडतोय" एवढंच मुफद्दलने फोनवर सांगितलं होतं. दोघं बापलेक दोन दिवस त्या खोलीत जमिनीवर बसले. लग्नातला कफ्तान निघाला, त्याच्या बाह्या फामाने नंतर दोनदा सैल केल्या होत्या. बोटीवरच्या साबणाच्या वड्या निघाल्या, डझनभर, न वापरलेल्या. तो आणायचा आणि ती ठेवायची, कपड्यांना वास यावा म्हणून. साक्षरतेच्या वर्गातली वही निघाली. तिच्यात एकच वाक्य सगळ्या पानभर गिरवलेलं होतं: आज मुफद्दल येणार. पुढच्या पानावर: आज मुफद्दल आला नाही, वारा आहे.

लुब्ना बरंच रडली. मुफद्दल रडला नाही. तो साबणाची एकेक वडी उचलून हुंगत होता. "मी समुद्रावर असताना ही इथं एकटी," तो म्हणाला. "आणि मी खाली येऊन म्हणतो, मला घर रिकामं ठेवायचंय. रिकामं तर तिनंच इतकी वर्षं सोसलं."

कफ्तान लुब्नाने मालागाला नेला. वही मुफद्दलने ठेवली. बाकीचं शेजारपाजारी, ओळखीपाळखीत गेलं. साबण दोघांनी वाटून घेतले. कपाट आतून पुसून झालं तेव्हा त्याचा लाकडी वास पहिल्यांदा नुसता लाकडाचा आला.

वीस तारखेला दुपारी, कारखान्यातली पाळी संपल्यावर, एका छोट्या टेम्पोतून विदादचं सामान आलं. सामान कसलं, दोन गाद्या, शिलाई मशीन, भांड्यांचे खोके, आणि बिछान्यात गुंडाळलेला आरसा. सगळं वर चढल्यावर खाली मुफद्दलच्या टेबलाशी व्यवहार झाला. विदादने आधी एक हजार चौऱ्याऐंशी मोजून दिले. लार्बीने पावती लिहिली: मार्चचे बारा दिवस. मग अठ्ठावीसशे वेगळे. त्याची पावती वेगळी: अनामत, घर सोडताना परत. लार्बीचे चौदाशे त्याने स्वतःच पटकन खिशात टाकले.

"हाज, सतराशेच्या वर तुझ्या हातून गेले," लार्बी उठताना म्हणाला. "पूर्ण महिन्याचा आकडा आठवतोय ना?"

"गेले नाहीत. ते दिवस माझे होते. ते मी वापरले."

मग त्याने विदादसमोर किल्ल्या ठेवल्या. दोन मुख्य दाराच्या, एक गच्चीची, आणि एक लहान, कपाटाची. "कुलूप नवं आहे," तो म्हणाला. "यादीत लिही, नवं कुलूप. म्हणजे मी नंतर जुनं म्हणणार नाही."

विदादने खरोखरच लिहिलं.

ती वर गेल्यावर मुफद्दल आपल्या खाटेवर पडून राहिला. वर फर्निचर सरकत होतं. कुणीतरी खुर्ची ओढली, पुन्हा ओढली, जागेवर बसवली. दोन पावलं, एक जड आणि लंगडत, एक घाईघाईचं. मधेच न्हाणीघराच्या दाराची कडी अडली, आणि यामनाचा आवाज आला, "उचलून ओढ! म्हातारा म्हणाला होता ना!"

एक एप्रिलला सकाळी विदाद कारखान्यात जाण्याआधी पूर्ण अठ्ठावीसशे घेऊन दारात उभी होती. सोबत एक ताटली. यामनाने बिसारा केला होता, आणि तो दोघींना जास्त झाला होता. मुफद्दलने ताटली घेतली, बोटाने चाखून पाहिलं, पैसे टेबलावर ठेवले आणि विदादला म्हणाला, "आईला सांग, बिसारात जिरं कमी पडलंय. आणि गॅलरीतल्या त्या कठड्यावर काही ठेवायचं असेल तर ठेवा. जागा मोकळी आहे."

"हबकचं रोप ती परवाच घेऊन आलीये," विदाद म्हणाली. "पण ठेवायला घाबरत होती. म्हणते, विचारल्याशिवाय कसं ठेवायचं."

"मग विचारायचं ना," मुफद्दल म्हणाला, आणि टोपी शोधायला आत वळला. वर जाऊन कुंडीत माती नीट भरली आहे की नाही, हे त्याला स्वतःच बघायचं होतं.